पंख्यासमोरचे दोन तापमापक: शाळेत हवेचा दमटपणा मोजताना

दरवर्षी एप्रिलमध्ये नववीच्या वर्गात मी एक तापमापक स्टँडला अडकवतो, समोर टेबलफॅन ठेवतो आणि मुलांना विचारतो, "पंखा लावला तर पारा किती उतरेल?" कुणी दोन अंश म्हणतं, कुणी पाच. पंखा लावतो. दोन मिनिटं सगळा वर्ग माना पुढे करून बघत बसतो आणि पारा जागचा हलत नाही. मग त्याच तापमापकाच्या फुग्याभोवती ओल्या मलमलीचा तुकडा गुंडाळतो आणि पंखा पुन्हा लावतो. ३७ वरून निघालेला पारा चार-पाच मिनिटांत २० वर येऊन थांबतो. पंखा तोच, हवा तीच.

या दोन आकड्यांमधल्या फरकात हवेतल्या बाष्पाचा हिशोब दडलेला असतो. पुस्तकात ओल्या-कोरड्या तापमापकाची आकृती असते, बाजूला तक्ता असतो. मुलं आकृतीप्रमाणे मांडणी करतात, तक्ता बघतात, सापेक्ष आर्द्रता लिहितात आणि मोकळी होतात. तो आकडा बहुतेक वेळा चुकलेला असतो, आणि चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण आकृतीत दिसतच नाही: वारा.

पारा २० वर का थांबतो

ओल्या कापडातून पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आधी फुग्यातूनच जाते, म्हणून पारा उतरतो. पण फुगा जसजसा थंड होतो, तसतशी भोवतालची गरम हवा त्याला जास्त उष्णता देऊ लागते. वाफेबरोबर जाणारी उष्णता आणि हवेकडून येणारी उष्णता जिथं सारखी होते, तिथं पारा स्थिरावतो. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते आणि ही बरोबरी खूप खाली होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर ती कोरड्या तापमापकाच्या जवळच होते. हवा बाष्पानं पूर्ण भरलेली, म्हणजे संपृक्त असेल, तर दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवतात. माठातलं पाणी एप्रिलमध्ये गार लागतं आणि जुलैत तेवढं लागत नाही, तेही याच हिशोबानं.

आता मुलं हमखास विचारतात: "पंख्याचा वेग वाढवला तर वाफ आणखी होईल, मग पारा आणखी उतरेल ना?" प्रश्न चांगला आहे. वारा वाढला की वाफ जास्त होते हे खरं, पण तोच वारा गरम हवाही फुग्यापर्यंत जास्त वेगानं आणतो. येणं आणि जाणं जवळपास एकाच पटीत वाढतं, त्यामुळे बरोबरीची जागा बदलत नाही. पुरेसा वारा असला की मग तो कमी-जास्त झाला तरी ओल्या तापमापकाचा आकडा तोच राहतो.

वारा नसला की मात्र गणित बिघडतं. तापलेल्या भिंती, छपराचे पत्रे, समोर ओणवी झालेली मुलं या सगळ्यांकडून किरणांनी थोडी उष्णता फुग्यावर पडतच असते आणि तापमापकाच्या काचेच्या दांड्यातूनही थोडी येते. ही उष्णता वाऱ्यावर अवलंबून नसते. वारा चांगला असेल तर एकूण हिशोबात ती किरकोळ ठरते, हवा स्थिर असेल तर तिचा वाटा मोठा होतो आणि ओला तापमापक असायला हवा त्यापेक्षा जास्त दाखवतो. फरक कमी दिसतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट ठरते. म्हणूनच हवामानशास्त्रात प्रमाण मोजणीसाठी फुग्यावरून सेकंदाला निदान तीन मीटर वेगाचा वारा हवा असं धरतात.

साहित्य

एकसारखे दोन तापमापक घ्या. प्रयोगशाळेतले उणे १० ते ११० अंशांचे चालतात, पण त्यांच्या खुणा एक-एक अंशाच्या आणि दाटीवाटीच्या असतात. ० ते ५० अंशांचे, अर्ध्या अंशाच्या खुणा असलेले मिळाले तर तेच घ्या. मुलांच्या हातात द्यायचे म्हणून लाल अल्कोहोलचे बरे. पाऱ्याचा फुटला की तो गोळा करत बसणं हा वेगळाच उद्योग होतो.

कापड म्हणून जुन्या, खूप धुतलेल्या सुती धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा उत्तम. नवं कापड आणलंत तर त्याला खळ असते आणि खळ असलेलं कापड पाणी शोषत नाही. चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते दहा मिनिटं उकळा आणि साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून घ्या. नंतर त्याला बोटं लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागी पाणी चढत नाही. पाणी ओढून आणायला कंदिलाची सुती वात किंवा सुती दोरा चालतो, तोही असाच उकळून.

पाणी डिस्टिल्ड हवं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं म्हणून जे मिळतं तेच. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांना आणि शाळांना बोअरचं पाणी असतं. ते वापरलंत तर आठवड्याभरात कापडावर क्षारांचा पांढरट थर धरतो, कापड कडक होतं आणि ओला तापमापक हळूहळू जास्त दाखवू लागतो. एका तासापुरता प्रयोग असेल तर साधं पिण्याचं पाणीही चालेल. महिनाभर नोंदी ठेवायच्या असतील तर मात्र चालणार नाही.

आधी दोघांची जुळणी

ही पायरी सगळे गाळतात. शाळेतले दोन तापमापक एकाच हवेत एक अंशाच्या फरकानं चालणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. एरवी त्यानं काही बिघडत नाही. इथं मात्र आपलं सगळं उत्तर दोघांच्या फरकातून येणार आहे, म्हणून त्यांचा आपसातला फरक आधी कळायला हवा.

बादलीभर पाण्यात दोन्ही तापमापक फुगे शेजारी येतील असे धरा, पाणी ढवळत राहा आणि दोन मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा. एकदा साध्या नळाच्या पाण्यात, एकदा माठाच्या आणि एकदा कोमट, साधारण ३५ अंशांच्या. समजा, 'ब' तापमापक तिन्ही वेळा 'अ' पेक्षा अर्धा अंश जास्त दाखवतो. मग 'ब'वर तशी चिठ्ठी चिकटवा आणि पुढे त्याच्या प्रत्येक नोंदीतून अर्धा अंश वजा करा. फरक प्रत्येक वेळी वेगळा आला तर तो तापमापक बदला.

मांडणी

खोली सावलीतली, उन्हाची तिरीप न येणारी आणि खिडक्या उघड्या असलेली हवी. बंद वर्गात चाळीस मुलांच्या श्वासाचं बाष्प जमतं आणि मोजलं तेच जातं. आम्ही व्हरांड्यात करतो.

दोन्ही तापमापक एका स्टँडवर, फुगे एकाच उंचीवर आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर बांधा. ओल्या तापमापकाच्या फुग्यावर मलमलीचा एकच पदर घट्ट बसवा, फुग्याच्या वर बोटभर दांडाही झाकला जाऊ द्या. दांडा झाकला की त्यातून खाली येणारी उष्णता अडते. दोऱ्यानं बांधा, पण आवळू नका, आवळलं की पाणी चढायची वाट बंद होते. दोऱ्याचं किंवा वातीचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा. बाटली फुग्यापेक्षा थोडी खाली आणि बाजूला, कोरड्या तापमापकापासून लांब ठेवा. फुग्याच्या बरोबर खाली उघडी वाटी ठेवायची सवय असते, पण वाटीतली वाफ थेट फुग्यावर येते आणि आपण वाटीचीच आर्द्रता मोजून बसतो. बाटलीचं तोंड झाकून, बुचाच्या भोकातून वात बाहेर काढलीत तर उत्तम.

टेबलफॅन हातभर अंतरावर ठेवा. दोन्ही फुगे एकाच झोतात हवेत आणि झोत आधी कोरड्यावरून जाईल किंवा दोघांवर शेजारी-शेजारी पडेल असं बघा. ओल्यावरून आलेली हवा कोरड्यावर जाऊ नये. काही जुन्या वह्यांत दोरीला बांधून तापमापक गरगर फिरवण्याची कृती असते. ते उपकरण खास मुठीचं आणि चौकटीत बसवलेलं असतं. आम्ही एकदा साधा तापमापक सुतळीला बांधून फिरवला होता, तो बाकाच्या कडेला आपटला. तेव्हापासून टेबलफॅन.

वाचन

पंखा लावून पाच मिनिटं थांबा. मग दर अर्ध्या मिनिटानं ओला तापमापक वाचा. लागोपाठ तीन वाचनं सारखी आली की तो आकडा घ्या आणि लगेच कोरडा वाचा. डोळा पाऱ्याच्या समपातळीत ठेवा, चेहरा फुग्यापासून लांब आणि श्वास बाजूला. श्वास दमटही असतो आणि गरमही. नवख्या हातांनी घेतलेल्या वाचनात अर्धा अंश नुसता श्वासानं चढलेला मी पाहिला आहे.

वारा पुरेसा आहे की नाही हे ओळखायला वेगमापक लागत नाही. पंखा निम्म्या अंतरावर सरकवा. ओला आकडा तसाच राहिला तर आधीचा वारा पुरेसा होता. आणखी उतरला तर नव्हता, मग पंखा जवळच राहू द्या. आणि कोरड्या तापमापकाकडे लक्ष ठेवा: पंखा लावल्यावर तो उतरला, तर त्यावर कुठून तरी ऊन किंवा तापलेल्या भिंतीची धग पडत होती, नाहीतर त्याच्या फुग्यावर पाण्याचा थेंब उडाला आहे.

आकड्यावरून आर्द्रता

तयार तक्ता वापरता येतो, पण एकदा तरी हातानं गणित करावं. त्यासाठी संपृक्त बाष्पदाब लागतो, म्हणजे त्या तापमानाला हवेत बाष्पाचा जास्तीत जास्त किती दाब राहू शकतो तो. हेक्टोपास्कलमध्ये तो असा:

१४° → १६.०, १६° → १८.२, १८° → २०.६, २०° → २३.४, २२° → २६.४, २४° → २९.८, २६° → ३३.६

२८° → ३७.८, ३०° → ४२.४, ३२° → ४७.६, ३४° → ५३.२, ३६° → ५९.४, ३८° → ६६.३, ४०° → ७३.८

मधल्या पूर्ण अंशासाठी दोन्ही बाजूंच्या आकड्यांची सरासरी चालते, अर्ध्या अंशासाठी त्याच प्रमाणात मधला आकडा घ्या.

सूत्र असं:

हवेतला बाष्पदाब = ओल्या तापमानाचा संपृक्त दाब − ०.६२ × (कोरडं तापमान − ओलं तापमान)

सापेक्ष आर्द्रता = हवेतला बाष्पदाब ÷ कोरड्या तापमानाचा संपृक्त दाब × १००

०.६२ हा आकडा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: चांगल्या वाऱ्यातल्या तापमापकाचा गुणांक ०.०००६६ आणि हवेचा दाब. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथं दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, मुंबईत तो हजाराच्या वर असतो. मुंबईच्या हिशोबानं केलेला तक्ता पुण्यात वापरला तर एप्रिलच्या दुपारी आर्द्रता एखाद्या टक्क्यानं कमी निघते. शाळेच्या प्रयोगात हे सोडून दिलं तरी चालेल.

आता आमच्या व्हरांड्यातला एप्रिलचा एक दिवस घ्या. दुपारी साडेतीनला कोरडा ३७, ओला २०. फरक १७. ०.६२ गुणिले १७ म्हणजे १०.५. २० अंशांचा संपृक्त दाब २३.४, त्यातून १०.५ गेले, उरले १२.९. ३७ अंशांचा संपृक्त दाब ६२.८. १२.९ भागिले ६२.८ म्हणजे २० टक्क्यांच्या जरा वर.

त्याच दिवशी पंखा लावायच्या आधी, स्थिर हवेत, ओला तापमापक २२.५ वर थांबला होता. तोच आकडा धरून गणित केलं तर? २७.३ मधून ०.६२ गुणिले १४.५, म्हणजे ९.०, गेले, उरले १८.३, आणि आर्द्रता निघते २९ टक्के. खरी २०, लिहिली २९. मांडणी नीट, तापमापक नीट, गणितही नीट, फक्त पंखा नव्हता. पंख्याविना घेतलेली नोंद वापरायचीच असेल तर ०.६२ च्या जागी मोठा गुणांक हवा, पण किती मोठा हे त्या खोलीतल्या हवेवर ठरतं आणि ते आपल्याला ठाऊक नसतं. त्यापेक्षा पंखा लावणं सोपं.

सकाळ आणि दुपार

एकच नोंद घेऊन प्रयोग संपवू नका, खरी गंमत दिवसभराच्या नोंदींत आहे. त्याच दिवशी सकाळी साडेसातला कोरडा २४ आणि ओला १६ होता. १८.२ मधून ५.० गेले, उरले १३.२. त्याला २४ अंशांच्या २९.८ नं भागलं की ४४ टक्के.

मुलांनी लगेच निष्कर्ष काढला: "दुपारपर्यंत हवेतलं अर्धं बाष्प उडून गेलं." मी त्यांना मधली पायरी परत वाचायला लावली. सकाळी हवेतला बाष्पदाब १३.२, दुपारी १२.९. बाष्प जवळपास तेवढंच आहे. बदललं ते तापमान, आणि त्याबरोबर हवेची बाष्प सामावण्याची मर्यादा २९.८ वरून ६२.८ वर गेली. तयार तक्त्यातून थेट टक्केवारी काढली असती तर हे दिसलंच नसतं, म्हणून मी हातानं गणित करायला लावतो.

जुलैत तोच वर्ग, तेच तापमापक. कोरडा २६, ओला २४. २९.८ मधून १.२ गेले, उरले २८.६. भागिले ३३.६, म्हणजे ८५ टक्के. बाष्पदाब एप्रिलच्या दुप्पटीहून जास्त. पण पावसाळ्यातला आकडा एप्रिलपेक्षा कमी भरवशाचा असतो हे वहीत लिहायला हवं. ओला तापमापक एक अंश जास्त दाखवत असेल तर एप्रिलमध्ये २० च्या जागी २४ टक्के येतात, जुलैत मात्र ८५ च्या जागी ९२-९३ येतात. फरकच मुळात दोन अंशांचा असताना एक अंश चुकणं म्हणजे निम्मी चूक. बादलीतली जुळणी खरी उपयोगी पडते ती इथं. अर्ध्या अंशापर्यंत वाचणाऱ्या मुलांनी एप्रिलचं उत्तर दोन टक्के इकडे-तिकडे आणि जुलैचं चार टक्के इकडे-तिकडे असं लिहावं. ८५.१२ टक्के असं उत्तर कुणी लिहिलं तर मी त्याला बादलीकडे परत पाठवतो.

काय बिघडलंय हे कसं ओळखायचं

ओला आकडा स्थिर झाल्यावर पुन्हा हळूहळू वर चढू लागला, तर कापड सुकतंय. एप्रिलच्या दुपारी पंख्यासमोर हे हमखास होतं, कारण लांब, सैल वात पाणी पुरवू शकत नाही. वात आखूड करा. अधूनमधून ड्रॉपरनं कापडावर पाणी सोडलंत तरी चालेल, पण मग पुन्हा तीन-चार मिनिटं थांबा. फ्रिजमधलं गार पाणी सोडलं तर पारा आधी खऱ्या आकड्याच्याही खाली जातो आणि मग वर येतो. घाईत वाचलं तर हवा आहे त्यापेक्षा कोरडी ठरते.

ओला तापमापक कोरड्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर ती हवेची करामत नाही, जुळणीची चूक आहे. भर पावसात दोघं सारखे आले तर मात्र ते खरं असू शकतं.

आपला आकडा वेधशाळेशी ताडून बघायचा मोह होतो आणि पुण्यात तो जरा जास्तच होतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून शिवाजीनगरला आलं, म्हणून त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिथल्या ठळक नोंदी सकाळी साडेआठच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या असतात, म्हणून ताडायचं तर त्याच वेळी वाचा. तापमापक तिथं झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, मोकळ्या गवतावर असतात. आपला व्हरांडा डांबरी अंगणाकडे तोंड करून असतो. त्यामुळे सापेक्ष आर्द्रता जुळली नाही तर नवल नाही. बाष्पदाब काढून तो ताडा, तो बऱ्याच जवळ येतो, कारण अंगण तापल्यानं तापमान बदलतं, हवेतलं बाष्प फारसं नाही.

शेवटी एक प्रश्न मी मुलांना घरी सोडवायला देतो: एप्रिलच्या त्या दुपारी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जास्तीत जास्त किती गार हवा देऊ शकेल, आणि जुलैत? ज्यांच्या वहीत ओल्या तापमापकाचा आकडा नीट उतरलेला असतो, त्यांना वेगळं गणित करावं लागत नाही. एप्रिलमध्ये बाहेर ३७ असताना २० च्या खाली नाही. जुलैत बाहेर २६ असताना २४ च्या खाली नाही, आणि त्या दोन अंशांसाठी कुणी कूलर लावत नाही.